‘चालत नाही’ : एका चिठ्ठीची हकिकत

भगिनींनो, आपल्या मंडळाच्या कपाटात जमाखर्चाच्या वह्यांशेजारी रेघी वहीचे फाडलेले दोन कागद जपून ठेवलेले आहेत. काही वर्षांपूर्वी शेजारच्या इमारतीत एक भगिनी दुसऱ्यांदा बाळंत झाली, तेव्हा तिच्या घरी पाळीपाळीने जेवण पोचवावे म्हणून तळमजल्यावरच्या वहिनींनी लिहिलेल्या या दोन चिठ्ठ्या. पहिली आणि दुसरी यांत अवघ्या तीन दिवसांचे अंतर आहे. पण त्या अंतरात जे घडले ते लिहून ठेवण्याजोगे आहे.

पूर्वी अशी चिठ्ठी कोणी लिहीत नसे, कारण तिची गरजच नव्हती. घरी कोणी गेले की शेजाऱ्यांनी पिठलेभात नेऊन द्यावा हा रिवाज होता. बाळंतपण मात्र माहेरचे काम. लेकीला काय आवडते, काय सोसत नाही, हे आईला सांगावे लागत नसे. अळिवाची खीर, डिंकाचे लाडू, मुगाची खिचडी, शेपूची भाजी, वर ओवा नि बाळंतशेपा, असा सव्वा महिन्याचा क्रम तिच्या हातात बसलेला असे. हा विचार फार जुना आहे. चरकसंहितेत नुकत्याच बाळंत झालेल्या स्त्रीला पाच किंवा सात रात्री पिंपळी, सुंठ वगैरेंचे चूर्ण घालून तुपासारखा स्नेह द्यावा आणि तो जिरल्यावर पातळ पेज द्यावी, असे सांगितले आहे. पण कोणता स्नेह द्यायचा, हे तिला काय सात्म्य आहे ते पाहून ठरवावे, असेही तेथे म्हटले आहे. सात्म्य म्हणजे त्या माणसाला मानवणारे. माहेरी हे पाहणारी आई होती. पुढे बिऱ्हाडे नोकरीच्या गावी गेली, दुसरे बाळंतपण सासरीच होऊ लागले, आणि हे काम शेजारणींकडे आले. आईला न लिहिता कळत होते, ते शेजारणीला लिहून द्यावे लागते. चिठ्ठीचा जन्म तो हा.

पहिली चिठ्ठी अशी होती. सहा घरे, बारा दिवस, म्हणजे प्रत्येकीकडे सहाव्या दिवशी पाळी. जेवण फक्त दुपारचे, साडेअकराला. बाळंतीण, तिचे यजमान, सासूबाई आणि चार वर्षांची थोरली मुलगी, अशा चौघांसाठी बारा पोळ्या, एक भाजी, वरण आणि मऊ भात. रिकामा डबा परत करू नये, त्यात चिमूटभर साखर तरी घालावी, अशी आपली रीत. वहिनींनी ती मुद्दाम माफ केली होती : “डबा रिकामाच परत येईल. कोणी मनात आणू नये.” बाळंतिणीच्या मागे डबे भरण्याची काळजी लागू नये, हा त्यातला हेतू.

त्याखाली एकच ओळ होती : “चालत नाही — वांगे, कारले, हरभऱ्याची डाळ, दाणे, सासूबाईंना सोमवारी कांदालसूण.”

या ओळीतच चूक होती, आणि ती आम्हां सहाजणींपैकी एकीच्याही लक्षात आली नाही. कारले यजमानांना आवडत नव्हते. वांगे आणि हरभऱ्याची डाळ बाळंतिणीच्या पथ्यात बसत नव्हती. कांदालसूण हा सोमवारचा नेम. आणि दाणे? थोरल्या मुलीला दाण्यांची ॲलर्जी होती. आपल्या भाषेत या चारही गोष्टींना ‘चालत नाही’ हा एकच शब्द आहे. नावड, पथ्य, नेम आणि जिवाचा धोका एकाच ओळीत शेजारी शेजारी बसले.

तिसऱ्या दिवशी दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंची पाळी होती. त्यांनी दोडक्याची भाजी केली. मुलीला दाणे आवडत नाहीत अशी त्यांची समजूत. म्हणून अख्खे दाणे घातले नाहीत, भाजीला दाटपणा यावा म्हणून चमचाभर कूट मात्र घातले. मुलीने दोनतीन घास खाल्ले. दहा मिनिटांच्या आत तिचे ओठ सुजले, अंगावर गांधी उठल्या, खोकला येऊ लागला. वडिलांनी तिला उचलले, रिक्षा केली आणि इस्पितळ गाठले. तेथे तत्काळ इंजेक्शन दिले. उतरलेला त्रास काही तासांनी पुन्हा उसळी घेऊ शकतो, म्हणून मुलीला रात्रीपर्यंत ठेवून घेतले. ती बरी होऊन घरी आली.

काकू संध्याकाळभर रडत होत्या. डब्यांची पाळी बंद करावी असे काहीजणी म्हणाल्या. बाळंतिणीनेच निरोप पाठवला : “बंद करू नका. चूक माझीही आहे. मी नुसते ‘चालत नाही’ म्हटले.”

ॲलर्जी हा शब्द तसा नवा. व्हिएन्नाचे बालरोगतज्ज्ञ क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी 1906 साली तो प्रथम वापरला. भुईमूगही आपल्या जुन्या वैद्यांना ठाऊक नव्हता; हे पीक मूळचे दक्षिण अमेरिकेचे, आपल्याकडे गेल्या काही शतकांत आले. म्हणून आजीच्या पथ्याच्या यादीत दाण्यांचा हा धोका सापडत नाही. आणि आज आपल्या स्वयंपाकात कूट इतके मुरले आहे की घालणाऱ्या हाताला ते घातल्याचे भानही राहत नाही.

दुसरी चिठ्ठी त्याच रात्री लिहिली गेली. तिच्यात एका ओळीच्या जागी तीन भाग आहेत.

पहिला भाग लाल शाईत : “धोका. थोरलीला दाणे, कूट, दाण्याची चटणी, घाण्याचे दाणेतेल यांचा कणही नको. कूट वाटलेले मिक्सरचे भांडे, खलबत्ता, चमचा वापरू नये. सुटे फरसाण, चिक्की देऊ नये.” घाण्याच्या तेलात दाण्याचा अंश उरतो, म्हणून तेलाचे नाव घालावे लागले. बंद पाकिटावर दाण्यांचा उल्लेख छापलेला वाचता येतो, सुट्या फरसाणावर काही छापलेले नसते. शेवटी लक्षणे लिहिली आहेत : ओठ सुजणे, गांधी, उलटी, खोकला, धाप. खाल्ल्यावर काही मिनिटांत, फार तर दोनेक तासांत. मग वाट न पाहता इस्पितळ.

दुसरा भाग : “पथ्य आणि नेम.” यात वांगे, हरभऱ्याची डाळ आणि सोमवार. वांग्याने बाळाला खरोखर बाधते का, यावर आमच्यात मतभेद होते. पण सासूबाईंचे मन राखणे सोपे होते, म्हणून वाद घातला नाही.

तिसरा भाग : “नावड. झाले तरी चालेल.” त्यात एकटे कारले.

आणखी एक नियम जोडला. डबा देताना भाजीत काय काय घातले ते तोंडाने सांगायचे, तेलापासून कोथिंबिरीपर्यंत. पुढच्या पाळीला काकूंनी नवी कढई घेतली, मिक्सर न लावता खोबरे खवणीवर खवले, आणि दारात उभे राहून सगळी यादी म्हणून दाखवली. थोरलीने त्या दिवशी त्यांच्या हातची दुधीभोपळ्याची भाजी दोनदा मागून घेतली.

तेव्हापासून मंडळात कुठल्याही घरी डबे सुरू झाले की दुसऱ्या चिठ्ठीची नक्कल काढली जाते. पहिली आम्ही टाकून दिलेली नाही. नव्या भगिनींना दोन्ही शेजारी ठेवून दाखवतो, आणि विचारतो : “घरच्यांनी ‘चालत नाही’ म्हटले, तर तुम्ही पुढे काय विचाराल?”