क्युरेटिंगमधून निसटणारा पॉलिप

मागच्या वेळी आपण ‘चाचणी निगेटिव्ह आली म्हणजे आजार नाही का?’ इथे थांबलो होतो. आज याच प्रश्नाचा एक जुना इतिहास बघू. पाळी कायमची गेल्यावर पुन्हा रक्त जायला लागलं किंवा पाळीच्या मध्येच अनियमित रक्तस्राव होऊ लागला, तर कारण बऱ्याचदा गर्भाशयाच्या आतल्या अस्तरात सापडतं. कधी अस्तराचा एक भाग वाढून लोंबतो, तो पॉलिप. कधी सगळं अस्तरच जाड होतं. हे ओळखायचे मार्ग दोन: आत डोकावून बघणं किंवा तुकडा काढून तपासणं. गंमत म्हणजे हे दोन मार्ग एकत्र यायला शंभरहून जास्त वर्षं लागली.

१८६९ मध्ये पँटालिओनी या डॉक्टरांनी साठ वर्षांच्या एका बाईच्या गर्भाशयात नळी घालून पाहिलं. तिचा रक्तस्राव थांबत नव्हता. डेसोर्मो या फ्रेंच सर्जनने १८५३ मध्ये मांडलेल्या एंडोस्कोपच्या धर्तीचं हे उपकरण. डेसोर्मोच्या दिव्यात अल्कोहोल आणि टर्पेंटाइन जळायचं. पँटालिओनींना आत पॉलिपसारखी वाढ दिसली आणि त्यांनी ती सिल्व्हर नायट्रेटने जाळली. ही पहिली हिस्टरोस्कोपी मानतात. पण जाळलेल्या वाढीच्या पेशी कशा होत्या, हे सांगायला हातात काहीच उरत नाही.

ही पद्धत तेव्हा रुळली नाही. गर्भाशय आतून पोकळ दिसेल असं आपल्याला वाटतं, प्रत्यक्षात त्याच्या भिंती एकमेकींना चिकटलेल्या असतात. त्या फुगवून वेगळ्या केल्याशिवाय काही दिसत नाही आणि थोडं जरी रक्त आलं तरी भिंग लाल होतं. त्यामुळे दुसरा मार्ग पुढे गेला. रेकामिए यांनी १८४० च्या दशकात आणलेल्या क्युरेटने अस्तर खरवडायचं आणि ते तपासायचं. आपल्याकडे बायका ज्याला ‘क्युरेटिंग’ म्हणतात ते हेच. अडचण एकच, सर्जनला आतलं काहीच दिसत नाही. हाताला लागेल तेवढंच बाहेर येतं.

मग किती लागतं? १९७५ मध्ये स्टॉक आणि कॅन्बोर यांनी हे साध्या पद्धतीने मोजलं. ज्या ५० बायकांचं गर्भाशय काढायचंच होतं, त्यांचं आधी क्युरेटिंग केलं आणि मग काढलेलं गर्भाशय उघडून पाहिलं. ६० टक्के बायकांमध्ये निम्म्याहून कमी पोकळी खरवडली गेली होती. रचना लक्षात घ्या: चाचणी आणि तिचं खरं उत्तर, दोन्ही एकाच अवयवात, लागोपाठ. त्यात पॉलिप देठावर हलतो, क्युरेट आला की बाजूला सरकतो. म्हणजे चूक नुसती कमी नमुन्याची नाही, ती एका विशिष्ट आजाराकडेच झुकलेली आहे.

दरम्यान ‘बघण्याचा’ मार्गही सुधारला. १९७० च्या सुमारास घट्ट डेक्स्ट्रान द्रावणाने पोकळी फुगवता येऊ लागली. रक्त त्यात पटकन मिसळत नाही. आता बहुतेक ठिकाणी सलाइन वापरतात, दुर्बिणी बारीक झाल्यात आणि पुष्कळदा भूलही लागत नाही. पॉलिप कुठे आहे, त्याचा देठ कुठे आहे, हे समोर दिसतं.

पण दिसणं म्हणजे निदान नाही. जाड अस्तर डोळ्यांना सारखंच दिसू शकतं, फरक पेशींत असतो. १९८५ मध्ये कुर्मन आणि सहकाऱ्यांनी हायपरप्लेजिया असलेल्या, उपचार न झालेल्या १७० बायकांची पुढची वाटचाल तपासली. पेशी विकृत नसलेल्या १२२ जणींपैकी फक्त दोघींना कर्करोग झाला, पेशी विकृत असलेल्या ४८ पैकी अकरा जणींना. हा फरक दुर्बीण नाही, सूक्ष्मदर्शक दाखवतो.

आता एक कल्पित केस घेऊ. ६२ वर्षांच्या बाईंना पाळी गेल्यानंतर दहा वर्षांनी दोनदा रक्त गेलं. सोनोग्राफीत अस्तर ११ मिमी. या वयात ते ४ मिमीपेक्षा जास्त असेल तर पुढे तपासतात. (पाळी चालू असताना ही मर्यादा लागू नाही, तेव्हा अस्तर दर महिन्याला जाड होतंच.) बारीक नळीने ओपीडीतच बायोप्सी घेतली. रिपोर्ट: ‘नमुना अल्प, कर्करोग आढळला नाही.’ रक्त पुन्हा गेलं. हिस्टरोस्कोपीत वरच्या भिंतीला दीड सेंटीमीटरचा पॉलिप दिसला, बाकी अस्तर पातळच. म्हणजे सोनोग्राफीतले ११ मिमी बहुतेक पॉलिपचेच होते! बघतबघत तो मुळापासून काढला आणि अख्खा पॅथॉलॉजीला पाठवला. बाजूच्या अस्तराचाही तुकडा दिला.

पहिला रिपोर्ट खोटा नव्हता. तो फक्त नळीत आलेल्या तुकड्याबद्दल बोलत होता, पॉलिपबद्दल नाही. म्हणून ‘काही आढळलं नाही’ असं वाचलंत, की आधी विचारा: नमुना नक्की कुठला होता?