वृत्तपत्रविक्रेता समस्या

एकदाच विकता येणारा, उरल्यास किंमत गमावणारा माल मागणी कळण्याआधी किती घ्यावा, हे ठरवण्याचा प्रश्न. अर्थशास्त्रज्ञ एजवर्थ यांनी १८८८ मध्ये बँकांच्या राखीव रोकडीसाठी असाच विचार मांडला होता.

समजा, कल्याणच्या फूलबाजारातून एक विक्रेती झेंडू ६० रुपये किलोने घेऊन १०० ला विकते. उरलेला १० रुपयांना जातो. एक किलो कमी पडला तर ४० रुपयांचा नफा हुकतो, उरला तर ५० चा तोटा. निर्णायक गुणोत्तर ४० ÷ (४० + ५०), म्हणजे ४/९. आधीच्या नऊ सारख्या दिवसांची मागणी चढत्या क्रमाने २२, २५, २७, ३०, ३१, ३३, ३६, ४०, ४४ किलो असेल, तर चौथा आकडा, ३० किलो, घ्यावा. सरासरी ३२ आहे, पण इथे उरणे जास्त महाग पडते. दसऱ्याला विक्रीभाव १५० झाला, तर गुणोत्तर ९०/१४० होते. त्या दिवसाच्या मागणीत सरासरीहून वरचा आकडा धरावा लागतो.

खरी अडचण नोंदींत असते. माल सकाळीच संपला, तर वहीत विक्री उतरते, मागणी नाही. अशाने अंदाज दरवेळी खाली घसरतो. म्हणून माल संपल्याची वेळ आणि रिकाम्या हाताने परतलेली गिऱ्हाइके टिपावीत.