पितळी बिल्ल्यापासून नेटवर्क टोकनपर्यंत : कार्डाच्या सोळा आकड्यांची गोष्ट

नागपूरहून वर्धा रस्त्याने दक्षिणेला निघाले की पाऊण-एक तासात बुटीबोरी येते. समजा, तिथल्या औद्योगिक वसाहतीजवळच्या एका शाळेतील शिक्षिकाबाई प्रयोगशाळेसाठी भिंगे आणि परीक्षानळ्या इंटरनेटवरच्या दुकानातून मागवतात. पहिल्या खरेदीत त्यांनी कार्डाचा सोळा आकडी क्रमांक भरला आणि 'हे कार्ड जपून ठेवा' या चौकटीवर खूण केली. पुढच्या महिन्यात त्याच दुकानात गेल्यावर पडद्यावर बँकेचे नाव आणि कार्डाचे शेवटचे चार आकडे दिसतात. क्रमांक पुन्हा भरावा लागत नाही. दुकानाने तो कुठेतरी लिहून ठेवला असणार, असे आपल्याला सहज वाटते. २०२२ सालच्या सप्टेंबरपर्यंत ते बरेचसे खरेही होते. १ ऑक्टोबर २०२२ पासून मात्र भारतातल्या दुकानाजवळ तो क्रमांक ठेवलेलाच नसतो. मग दुकान पैसे कशाच्या आधारावर मागते? याचे उत्तर समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

कार्डाचा क्रमांक हा मुळात पत्ता आहे. पहिले सहा आकडे (हल्ली आठही) कोणत्या नेटवर्कचे आणि कोणत्या बँकेचे कार्ड आहे ते सांगतात, पुढचे आकडे खाते सांगतात आणि अगदी शेवटचा आकडा पडताळणीचा असतो. ही पडताळणी आयबीएममधील हान्स पीटर लून यांच्या रीतीने होते. त्यांनी तिच्या पेटंटसाठी १९५४ मध्ये अर्ज केला आणि ते १९६० मध्ये मिळाले. उजवीकडून मोजत एक सोडून एक आकडा दुप्पट करायचा, दुप्पट दोन आकडी झाली तर तिच्यातील अंकांची बेरीज घ्यायची आणि सगळे मिळवायचे. एकूण बेरजेला दहाने भाग गेला पाहिजे. संगणक तंत्रज्ञ चाचणीसाठी वापरतात तो ४१११ १११১ १११১ १११১ हा क्रमांक घेऊ. दुप्पट होणारे आकडे म्हणजे पहिला ४ आणि सात वेळा १. त्यांचे ८ आणि १४ होतात. उरलेल्या आठ एकांचे ८. बेरीज ३०, म्हणजे क्रमांक नियमात बसतो. वर्गात फळ्यावर करून पाहण्याजोगी ही गोष्ट आहे. हा नियम लिहिताना झालेली चूक पकडतो, चोर पकडत नाही, हे मात्र विद्यार्थ्यांना आवर्जून सांगावे.

कार्ड दुकानदाराच्या हातात देऊन व्यवहार होत होते तोवर पत्ता उघड असण्याने फारसे बिघडत नव्हते. टपालाने, दूरध्वनीवर आणि पुढे इंटरनेटवर खरेदी सुरू झाली तेव्हा कार्ड समोर नसताना नुसत्या क्रमांकावर पैसे वळते होऊ लागले. जो पत्ता होता तोच किल्ली झाला. शिवाय ही किल्ली शेकडो दुकानांच्या संगणकांत साठू लागली. अमेरिकेतल्या टीजेएक्स या दुकानसाखळीच्या संगणकांतून किमान ४.५७ कोटी कार्डांचे क्रमांक चोरीला गेल्याचे २००७ मध्ये उघड झाले.

यावर पहिला उपाय सुचतो तो क्रमांक सांकेतिक करून ठेवण्याचा. हॅश नावाची एक गणिती रीत आहे. तिला चक्कीसारखी समजा. गव्हाचे पीठ होते, पण पिठाचा पुन्हा गहू होत नाही. तोच क्रमांक पुन्हा दळला की तेच पीठ पडते, त्यामुळे क्रमांक न ठेवताही 'हे तेच कार्ड' हे ओळखता येते. कल्पना चांगली आहे, पण कार्डाच्या क्रमांकाला ती पुरत नाही, आणि का पुरत नाही हे एका छोट्या हिशेबाने कळते. अनेक नोंदींत पहिले सहा आणि शेवटचे चार आकडे उघडेच ठेवलेले असतात. झाकलेले राहतात मधले सहा. सहा आकड्यांच्या दहा लाख जुळण्या होतात. पण लूनच्या नियमामुळे त्यांतले कोणतेही पाच आकडे ठरले की सहावा आपोआप ठरतो. म्हणून खऱ्या अर्थाने शक्यता उरतात फक्त एक लाख. चोराने हे एक लाख क्रमांक एकेक करून त्याच चक्कीत दळावेत आणि कोणते पीठ जुळते ते पाहावे. साध्या संगणकाला हे क्षणाचे काम आहे. क्रमांकात एखादा गुप्त मजकूर मिसळून मग दळला तर हे अवघड होते हे खरे, पण मग सारी भिस्त तो मजकूर गुप्त राहण्यावर येते.

हा प्रश्न आपल्याकडे नुसता पुस्तकी नव्हता. बंगळूरच्या जसपे या पैसे देवघेवीच्या सेवा पुरवणाऱ्या कंपनीच्या यंत्रणेत ऑगस्ट २०२० मध्ये घुसखोरी झाली आणि जानेवारी २०२१ मध्ये ती चर्चेत आली. सुमारे साडेतीन कोटी नोंदी बाहेर गेल्या. त्यांत अर्धवट झाकलेले क्रमांक आणि कार्डांचे असे हॅश केलेले 'ठसे' होते. पूर्ण क्रमांक फुटलेले नाहीत, असे कंपनीने सांगितले. पण झाकलेला क्रमांक आणि ठसा एकत्र हाती पडल्यावर काय होऊ शकते, हा वरचाच हिशेब तेव्हा जाणकार मांडत होते.

आता दुसरी वाट पाहू. पूर्वी बँकेत पैसे काढायचा कागद दिला की कारकून पितळी बिल्ला हातात ठेवत असे. त्याला सगळे टोकनच म्हणत. त्याच्यावरचा ४२ हा आकडा खाते क्रमांकावरून काढलेला नसे, त्यामुळे ४२ कडे कितीही वेळ पाहत बसले तरी खाते कळणे शक्य नव्हते. दोहोंची जोड फक्त कारकुनाच्या वहीत असे. शिवाय तो बिल्ला त्याच शाखेत आणि त्याच दिवशी चाले. समोरच्या बँकेत तो दाखवून कुणाला पैसे मिळत नव्हते. कार्डाचे टोकन नेमके याच तत्त्वावर उभे आहे. ते गणिताने काढलेले नसते, तर यदृच्छया निवडलेले असते. म्हणून उलटे दळून पाहायला चोराजवळ काही उरतच नाही.

अमेरिकेतील ट्रस्टकॉमर्स या कंपनीने २००१ च्या सुमारास दुकानांना अशी टोकने द्यायला सुरुवात केली. पण तेथे वही त्या मध्यस्थ कंपनीजवळ असे, आणि तिच्यापासून पुढे बँकेपर्यंतचा प्रवास खऱ्या क्रमांकानेच होई. मार्च २०१४ मध्ये कार्ड नेटवर्कांच्या ईएमव्हीको या सामाईक संस्थेने टोकनाचा आराखडा प्रसिद्ध केला. त्यामुळे वही नेटवर्ककडेच ठेवता येऊ लागली. नेटवर्क टोकन म्हणतात ते हेच.

बुटीबोरीच्या बाईंचे कार्ड वरच्या चाचणी क्रमांकाचे आहे असे धरू. त्या 'जपून ठेवा' म्हणतात तेव्हा दुकान तो क्रमांक नेटवर्ककडे पाठवते. नेटवर्क बाईंच्या बँकेला विचारते, बँक ओटीपीसारख्या मार्गाने बाईंची संमती घेते, आणि मग नेटवर्क टोकनासाठी राखून ठेवलेल्या क्रमांकांतून एक निवडते. उदाहरणादाखल ४००० १२३४ ५६७८ ९०१७ घ्या. लूनच्या रीतीने याची बेरीज ६० येते. मुद्दाम तसे करतात, कारण मधल्या सगळ्या जुन्या यंत्रणांना हा साधा कार्ड क्रमांकच वाटला पाहिजे. दुकानाजवळ टोकन, बँकेचे नाव आणि ओळखीसाठी खऱ्या कार्डाचे शेवटचे चार आकडे एवढेच राहते. म्हणून पडद्यावर १११১ दिसते, तरी दुकान वापरते ते ९०१७ ने संपणारे टोकन. नेटवर्कच्या वहीत मात्र तीन गोष्टींची गाठ मारलेली असते : हे कार्ड, हे टोकन आणि हे दुकान. तेच कार्ड दुसऱ्या दुकानात जपले तर टोकनही दुसरे मिळते.

पुढच्या खरेदीच्या वेळी दुकान नेटवर्ककडून त्या एका व्यवहारापुरती सांकेतिक खूण मागून घेते. तिला क्रिप्टोग्राम म्हणतात. टोकन, खूण आणि रक्कम दुकानाच्या बँकेमार्फत नेटवर्ककडे जातात. टोकन याच दुकानाचे आहे का आणि खूण ताजी व खरी आहे का, हे नेटवर्क पाहते. मगच वही उघडून खरा क्रमांक काढते आणि बाईंच्या बँकेला कळवते. बँकेचा होकार परत येतो तो टोकनाच्याच नावाने. दुकानाची सगळी यादी उद्या चोरीला गेली, तरी ते टोकन दुसऱ्या दुकानात चालत नाही आणि खुणेवाचून निरुपयोगी ठरते.

आपल्याकडे ओटीपी असताना हा खटाटोप कशाला, असे वाचक विचारतील. इंटरनेटवरच्या कार्ड व्यवहारांना जादा पडताळणी ऑगस्ट २००९ पासून सक्तीची झाली, हे खरे. पण ही सक्ती देशातली. अनेक देशांत अशी पडताळणी लागत नाही, त्यामुळे येथून चोरलेला क्रमांक तेथे चालू शकतो. रिझर्व्ह बँकेने आपली भूमिका मांडताना हे कारण स्पष्ट दिले होते. १७ मार्च २०२० च्या सूचनांत तिने दुकानांना कार्डाची माहिती साठवायला मनाई केली आणि ७ सप्टेंबर २०२१ ला जपून ठेवलेल्या कार्डांसाठी टोकनाची वाट मोकळी केली. मुदत मात्र पुनःपुन्हा पुढे ढकलावी लागली. जून २०२१ ची डिसेंबर २०२१ झाली, मग जून २०२२ आणि अखेर ३० सप्टेंबर २०२२. आमच्या मते यात केवळ टाळाटाळ नव्हती. टोकन बनवणे सोपे, पण परत आलेल्या मालाचे पैसे, मासिक हप्ते, ग्राहकाची तक्रार हे सारे तोवर खऱ्या क्रमांकावर शोधले जाई आणि त्या प्रत्येक वाटेची पुनर्रचना करायची होती. क्रमांक दरवेळी हाताने भरणाऱ्या ग्राहकांचा प्रश्न तर वेगळाच होता. त्यांच्यासाठी व्यवहारानंतर चार दिवसांपर्यंत क्रमांक ठेवण्याची तात्पुरती सवलत द्यावी लागली. जून २०२२ पर्यंत देशात सुमारे साडेएकोणीस कोटी टोकने तयार झाली होती.

टोकनाची मर्यादाही नीट समजून घ्यावी. दुकानाच्या साठ्यातून होणारी चोरी ते निष्फळ करते. पण बाईंनी एखाद्या बनावट पानावर खरा क्रमांक टाइप केला आणि फोनवर कुणाला ओटीपी सांगितला, तर तेथे टोकन आडवे येतच नाही, कारण वापरला गेला तो मूळ क्रमांकच. 'तुमच्या कार्डाचे टोकन करायचे आहे, क्रमांक सांगा' असा फोन आला तर तो खोटा समजावा. टोकन दूरध्वनीवर बनत नाही.

कोणकोणत्या दुकानांत आपले टोकन आहे, याची यादी कार्ड देणाऱ्या बँकेने ग्राहकाला दाखवली पाहिजे आणि हवे ते रद्दही करू दिले पाहिजे, असा नियम आहे. कार्डाची मुदत संपून नवे आले तर जुन्या दुकानांशी ते जोडण्यासाठी बँकेला पुन्हा संमती विचारावी लागते. २० डिसेंबर २०२३ च्या परिपत्रकाने आणखी एक सोय झाली. बाई आता दुकानाच्या पानावर न जाताही, बँकेच्या ॲपमध्ये बसल्या जागी हवी ती दुकाने निवडून त्यांच्यासाठी टोकने तयार करून घेऊ शकतात. मात्र त्यांच्या बँकेने ती सोय सुरू केलेली असली पाहिजे.