शेवट नावातच आहे, मग लपवायचं काय?
हरि नारायण आपट्यांच्या ‘गड आला पण सिंह गेला’ या कादंबरीचा मलपृष्ठावरचा मजकूर लिहायला बसलो आणि अडलोच. शेवट तर नावातच! ४ फेब्रुवारी १६७० च्या रात्री कोंढाणा आला, तानाजी पडले, हे शाळकरी पोरालाही ठाऊक.

पहिल्या खर्ड्यात मी फौजी सवयीने कडा, दोर, हातघाई, सगळं क्रमाने मांडलं. तो लढाईचा अहवाल झाला. एवढं वाचल्यावर पुस्तक कोण उघडणार?

मग लक्षात आलं, नावात तानाजींचा शेवट आहे, कमलकुमारीचा नाही. म्हणून दुसरा खर्डा असा केला:

‘सती जायला निघालेली कमलकुमारी उदयभानाच्या कैदेत कोंढाण्यावर आहे. इकडे तानाजीच्या घरी मुलाच्या लग्नाची गडबड. गड येणार, हे तुम्हाला माहीत आहे. पण तोवर कमलकुमारीचं काय?’

लढाईचा एक शब्दही ठेवला नाही. ‘सत्यकथा’ हा शब्द कुणीतरी सुचवला होता, तोही खोडला. लढाई इतिहासातली, पण कमलकुमारी कादंबरीतली. वाचकाला ओढायचं म्हणून त्याला चुकीचा इतिहास कशाला द्यायचा?