मुद्रांक शुल्कात हरवलेले मार्जिन : गृहकर्जाच्या एका नियमाचा इतिहास

आठ लाखांच्या घरासाठी बँक पूर्ण आठ लाख देत नाही, हे आज सर्वश्रुत आहे. परंतु नोव्हेंबर २०१० पर्यंत भारतातील बँकांवर असे नियामक बंधन नव्हते. कर्जदाराने स्वतःचे किती पैसे घालावेत, म्हणजेच ‘मार्जिन’ किती असावे, हे प्रत्येक बँक आपापल्या धोरणानुसार ठरवीत असे.

त्याआधी अमेरिकेत मोठा उत्पात घडून गेला होता. तेथे वीस टक्के स्वतःचे भरण्याची रीत होती. मात्र तेजीच्या काळात तेवढी रक्कमही दुसऱ्या कर्जातून उभी करण्याची सोय झाली. २००७ नंतर घरांच्या किमती उतरल्या आणि असंख्य कर्जे घराच्या किमतीहून मोठी ठरली. भारतातही शहरांत किमती वेगाने चढत होत्या. रिझर्व्ह बँकेने २०१० च्या अखेरीस कर्जाचे घराच्या किमतीशी असलेले प्रमाण बांधून दिले : सर्वसाधारण कर्जांना ८० टक्के आणि वीस लाखांखालच्या लहान कर्जांना ९० टक्के.

नियम स्पष्ट होता, पण ‘किंमत’ या शब्दात पळवाट होती. अनेक बँका घराच्या किमतीत मुद्रांक शुल्क, नोंदणी शुल्क व दस्तऐवजांचा खर्च मिळवीत आणि त्या बेरजेवर टक्केवारी काढीत. याने काय बिघडते, हे सालेकसा येथील एका कल्पित घरावरून पाहू. गोंदिया जिल्ह्यातील या तालुक्याच्या गावी घर आठ लाखांचे आणि शुल्कादी खर्च चाळीस हजारांचा धरू.

बेरीज आठ लाख चाळीस हजार. तिच्या ९० टक्के म्हणजे सात लाख छप्पन्न हजार कर्ज. कर्जदाराच्या खिशातून चौऱ्याऐंशी हजार गेले. कागदावर हे दहा टक्के मार्जिन दिसते; प्रत्यक्षात त्यातील चाळीस हजार शासनाच्या तिजोरीत जमा झाले. घरात त्याचे उरले अवघे चव्वेचाळीस हजार, म्हणजे साडेपाच टक्के. घर पुन्हा विकताना मुद्रांक शुल्क कोणी परत देत नाही, म्हणून तारण या दृष्टीने त्या पैशाला मोल नाही. ३ फेब्रुवारी २०१२ रोजी रिझर्व्ह बँकेने हा खर्च किमतीत धरण्यास मनाई केली. तेव्हापासून याच घराला सात लाख वीस हजारच मिळू लागले आणि कर्जदाराला एकूण एक लाख वीस हजार उभे करणे भाग पडले.

एवढा काटेकोरपणा कशासाठी? हप्ते नव्वद दिवस थकले की कर्ज अनुत्पादक ठरते. मग २००२ च्या सरफेसी कायद्यानुसार साठ दिवसांची नोटीस, ताबा, मूल्यांकन आणि लिलावाची जाहीर सूचना. यात वर्ष सहज जाते. पहिल्याच वर्षी हप्ते थांबले आणि व्याजदर नऊ टक्के धरला, तर सात लाख वीस हजारांचे सुमारे सात लाख पंच्याऐंशी हजार होतात. लहान गावात बोली लावणारे मोजके. घर पंधरा टक्के कमी भावाने, सहा लाख ऐंशी हजारांना गेले तर सुमारे एक लाख पाच हजारांची तूट येते. पूर्ण आठ लाख दिले असते तर ती जवळजवळ दोन लाखांची झाली असती. तूट कायद्याने कर्जदाराच्याच माथी राहते, पण ज्याचे घर गेले त्याच्याकडून ती वसूल होणे कठीण.

म्हणजे दहा टक्के मार्जिनने बँक पूर्ण सुरक्षित होत नाही, हे मान्य करावे लागेल. त्याचा खरा उपयोग लिलावाच्या आधी होतो. ज्याची स्वतःची बचत घरात अडकली आहे तो अडचणीच्या महिन्यातही हप्ता सांभाळतो. ज्याचे काहीच अडकलेले नाही त्याला किल्ली परत देणे सोपे वाटते. शिवाय तेवढी बचत करू शकला, हाही त्याच्या ऐपतीचा एक पुरावा असतो.

मात्र २०१२ च्या बंदीचा भार लहान घरांवरच अधिक पडला. म्हणून ५ मार्च २०१५ रोजी रिझर्व्ह बँकेने माघार घेतली, पण मोजून : दहा लाखांपर्यंतच्या घरांसाठी शुल्क पुन्हा किमतीत धरण्याची मुभा मिळाली. आपल्या उदाहरणातील घर पुन्हा सात लाख छप्पन्न हजारांना पात्र ठरले. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये ९० टक्क्यांची मर्यादा तीस लाखांपर्यंतच्या कर्जांना लागू झाली. नियामकाने जोखीम ओळखूनच ही सवलत दिली, असे म्हणता येते.

ही टक्केवारी लागू होण्याआधी सालेकसासारख्या तालुक्यात आणखी एक प्रश्न उभा राहतो. सरफेसी कायदा शेतजमिनीवरील तारणाला लागू नाही. आणि आदिवासी खातेदाराची जमीन बिगर-आदिवासीकडे जाण्यावर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ३६ व ३६-अ चे निर्बंध आहेत. अशा जागेवरील घर राहण्यास उत्तम असले तरी लिलावात त्याला गिऱ्हाईक मिळणे अवघड. म्हणून बँकेचा वकील घराआधी सातबारा आणि अकृषिक परवानगी पाहतो, आणि नव्वद टक्क्यांचा हिशेब त्यानंतरच सुरू होतो.