संगमरवर व आम्लापासून मुक्त होणाऱ्या कार्बन डायऑक्साइडचे मोल : वायूच्या आकारमानावरून मापन

संगमरवर, चुनखडी किंवा कॅल्शिअम कार्बोनेट असलेला कोणताही दगड सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात टाकला, की तो फसफसतो आणि कार्बन डायऑक्साइड वायू बाहेर पडतो. या वायूचे आकारमान, दाब आणि तापमान मोजून आदर्श वायू समीकरणाने त्याचे मोल काढता येतात. त्यावरून दगडात कार्बोनेट किती होते, हेही कळते. अभिक्रिया अशी :

CaCO3 + 2HCl → CaCl2 + H2O + CO2

एक मोल कार्बोनेटमागे एक मोल वायू सुटतो. म्हणून वायूचे मोल कळले, की त्यांना 100.09 ने गुणून कार्बोनेटचे ग्रॅम मिळतात. आम्ल हायड्रोक्लोरिकच घ्यावे. गंधकाम्लाने तुकड्यावर कॅल्शिअम सल्फेटचा थर बसतो, फसफस थोड्या वेळात मंदावते आणि आतला दगड तसाच राहतो.

चंद्रपूर जिल्ह्यात हा प्रयोग करायला दगड शोधत फिरावे लागत नाही. प्राणहिता–गोदावरी खोऱ्यातील पैनगंगा गटाच्या अतिप्राचीन खडकांत ‘चांदा चुनखडी’ या नावाने ओळखला जाणारा थर आहे. घुग्घुस, गडचांदूर, आवारपूर, उपरवाही येथे सिमेंटचे कारखाने उभे राहिले ते या पट्ट्यातील चुनखडीमुळे. गडचिरोली जिल्ह्यात अहेरी तालुक्यातील देवलमरी परिसरातही चुनखडीचे साठे आहेत. संगमरवर म्हणजे उष्णता व दाबाने पुन्हा स्फटिकलेली चुनखडीच. तो मात्र बाहेरून येतो, आणि फरशी बसवणाऱ्यांकडे त्याचे कपचे सहज मिळतात. प्रयोगाच्या दृष्टीने दोन्ही सारखेच; स्थानिक चुनखडीत माती व सिलिका असते, त्यामुळे तिचे मोजमाप अधिक बोलके ठरते.

दगडापेक्षा हवामानाचीच अडचण मोठी आहे. शालेय गणितात एक मोल वायूचे आकारमान 22.4 लिटर धरतात. ही संख्या 0 °से. तापमान आणि 1 वातावरण दाबासाठी आहे. आंतरराष्ट्रीय रसायन संघटनेने 1982 मध्ये प्रमाण दाब 1 बार ठरवला, तेव्हापासून 22.7 लिटर ही संख्याही पुस्तकांत दिसते. विद्यार्थी ‘22.4 खरे की 22.7’ यावर वाद घालतात, पण चंद्रपुरात कोणत्याच महिन्यात प्रयोगशाळा 0 °से. वर नसते. मे महिन्यात तर बाहेर पारा 45 च्या वर जातो आणि पंख्याखालच्या खोलीतही 40 °से. सहज असते. म्हणून दोन्ही संख्या बाजूला ठेवून, त्या दिवशीच्या त्या खोलीचे मोलीय आकारमान आपणच काढावे लागते.

त्यासाठीचे सूत्र PV = nRT. दाब किलोपास्कलमध्ये आणि आकारमान लिटरमध्ये घेतले, की R = 8.314 हीच संख्या थेट चालते. तापमान केल्विनमध्ये हवे. मात्र P म्हणून खोलीतला संपूर्ण हवेचा दाब घातला, तर उत्तर फुगते. आम्लातले पाणी वाफ होऊन वायूत मिसळलेले असते आणि दाबाचा काही वाटा त्या वाफेचा असतो. तो वजा करायचा :

n = (P − Pw) V / RT

Pw म्हणजे त्या तापमानाचा पाण्याचा बाष्पदाब. 15 °से. ला तो 1.7 किलोपास्कल असतो. तिथे तो विसरला तरी दोन टक्क्यांच्या आत निभावते. 40 °से. ला मात्र तो 7.4 किलोपास्कलपर्यंत चढतो, आणि विसरल्यास आठ टक्क्यांची चूक होते. थंड देशांतल्या प्रयोगपुस्तकांत ही दुरुस्ती बऱ्याचदा तळटीपेत असते. विदर्भात तिला तळटीपेत ठेवून चालत नाही.

दाबाबाबतही एक गफलत नेहमीची. हवामान खात्याच्या अंदाजात किंवा मोबाइलच्या हवामान ॲपवर दिसणारा दाब समुद्रसपाटीला आणलेला असतो. चंद्रपूर समुद्रसपाटीपासून सुमारे 190 मीटर उंच आहे, त्यामुळे तिथला खरा दाब साधारण 2 किलोपास्कलने कमी भरतो. ॲपवर 1001 हेक्टोपास्कल दिसत असेल, तर गणितात 98.0 किलोपास्कल घ्यावा.

मांडणी साधी आहे. 100 मिलिलिटरचा शंक्वाकृती चंबू, त्याला घट्ट रबरी बूच, बुचातून नळी आणि नळीला 100 मिलिलिटरची वायू-सिरिंज. चंबूत लिटरला 2 मोल संहतीचे 10 मिलिलिटर आम्ल घालतात. दगडाची पूड तोलून एका लहान नळीत भरतात आणि ती नळी चंबूत आम्लाला न लागता उभी ठेवतात. बूच बसल्यावर चंबू कलता केला, की पूड आम्लात पडते. वरून नरसाळ्याने आम्ल सोडले, तर 10 मिलिलिटर आम्ल तेवढीच हवा सिरिंजमध्ये ढकलते आणि ती हवा वायू म्हणून मोजली जाते. आम्ल आधीपासून चंबूत असण्याचा आणखी एक फायदा आहे. आतली हवा बूच लावण्यापूर्वीच वाफेने संपृक्त होते, आणि वरचे सूत्र त्याच अटीवर बरोबर आहे. कोरड्या चंबूत ऐनवेळी आम्ल घातले, तर चंबूतल्या सगळ्या हवेत नव्याने वाफ भरते आणि तीही दट्ट्याला ढकलते. सिरिंजमध्ये जाणारा वायू बहुतांशी चंबूतली जुनी हवाच असते, याने मात्र बिघडत नाही. आपण मोजतो ती आकारमानातली वाढ.

बूच दाबताना दट्ट्या एक-दोन मिलिलिटर सरकतो, म्हणून सुरुवातीचे वाचन शून्य न धरता लिहून ठेवावे. दट्ट्या थोडा ओढून सोडला आणि तो जागेवर परत आला नाही, तर कुठेतरी गळती आहे किंवा दट्ट्या अडकतो आहे. अडकणारा दट्ट्या वाचनापूर्वी हलकेच गोल फिरवून मोकळा करावा. चंबू हलवताना मानेला चिमट्याने धरावा. डिसेंबरच्या सकाळी तळहाताच्या उबेने आतला वायू प्रसरण पावून वाचन दोन-तीन मिलिलिटरने वाढते. मे महिन्यात उलटा प्रकार, कारण तेव्हा हात खोलीपेक्षा थंड असतो! अभिक्रियेची स्वतःची उष्णताही थोडी असते, म्हणून फसफस थांबल्यावर काही मिनिटे जाऊ द्यावीत आणि लागोपाठ दोन वाचने सारखी आली तरच ती घ्यावीत.

उदाहरणासाठी 40 °से. तापमान, 98.0 किलोपास्कल दाब आणि चुनखडीची 0.300 ग्रॅम कोरडी पूड घेऊ. सिरिंजचे वाचन 2.0 वरून 78.0 वर गेले, म्हणजे आकारमान 76.0 मिलिलिटर, अर्थात 0.0760 लिटर. वाफेचा वाटा काढून दाब उरतो 98.0 − 7.4 = 90.6 किलोपास्कल. RT = 8.314 × 313.15 = 2603.5.

n = 90.6 × 0.0760 / 2603.5 = 0.002645 मोल

कार्बोनेट 0.265 ग्रॅम, म्हणजे दगडाच्या 88 टक्के. हेच 76 मिलिलिटर 22.4 ने भागून पाहावे. मोल येतात 0.00339 आणि कार्बोनेट 0.340 ग्रॅम. तोललेल्या दगडापेक्षा त्यातले कार्बोनेट जड! 22.7 घेतले तरी 112 टक्के, आणि खोलीच्या तापमानासाठी म्हणून दिले जाणारे 24 लिटर घेतले तरी 106 टक्के. समीकरण वापरून केवळ वाफ विसरली, तर 95 टक्के येतात. ही चूक सर्वांत फसवी, कारण हे उत्तर पटण्यासारखे दिसते.

त्या खोलीचे मोलीय आकारमान काढायचे तर 2603.5 ला 90.6 ने भागावे : 28.7 लिटर. डिसेंबरात 15 °से. आणि 99.5 किलोपास्कल असताना हाच भागाकार 24.5 देतो. त्याच दगडाची तेवढीच पूड हिवाळ्यात 65 मिलिलिटर आणि उन्हाळ्यात 76 मिलिलिटर वायू दाखवील. मोल मात्र तेवढेच.

88 टक्के हे उत्तरही अजून थोडे कमी आहे. कार्बन डायऑक्साइड पाण्यात विरघळतो, 40 °से. ला पाणी आपल्या निम्म्याहून अधिक आकारमानाचा वायू सामावून घेते. वरच्या मांडणीत चंबू आणि सिरिंज मिळून वायूत कार्बन डायऑक्साइडचा वाटा निम्म्याच्या जरा खाली असतो, त्यामुळे 10 मिलिलिटर आम्लात सुमारे 0.0001 मोल, म्हणजे 3 मिलिलिटरच्या आसपास वायू राहून जातो. तो मिळवला, तर कार्बोनेट साडेएक्क्याण्णव टक्क्यांवर येते. आम्ल 50 मिलिलिटर घेतले असते, तर ही तूट पाचपटीच्या घरात गेली असती. म्हणून आम्ल थोडे व तीव्र घ्यावे, आणि तूट अंदाजाने का होईना मिळवावी. साध्या पाण्याखाली उपड्या मोजपात्रात वायू गोळा करण्याची जुनी रीत याच कारणाने कमी उत्तर देते. सिरिंज नसेल, तर पाण्याऐवजी आम्ल मिसळलेले संपृक्त मिठाचे पाणी घ्यावे, कारण त्यात हा वायू बराच कमी विरघळतो. वाफ विसरण्याची चूक उत्तर वाढवते आणि विरघळण्याची चूक ते घटवते. दोन्ही एकदम झाल्या, तर एकमेकींना झाकतात आणि बरोबर वाटणारे उत्तर चुकीच्या वाटेने मिळते. आम्लाचे प्रमाण दुप्पट करून प्रयोग पुन्हा केला आणि आकारमान घटले, तर विरघळणे जमेस धरलेले नाही, हे उघड होते.

कार्बन डायऑक्साइड आदर्श वायू नाही, ही शंका रास्त आहे, पण इथे ती गौण ठरते. 0 °से. ला त्याचे खरे मोलीय आकारमान 22.4 ऐवजी 22.26 लिटर भरते, 40 °से. ला हा फरक अर्ध्या टक्क्याहूनही कमी होतो. सिरिंजवरचे एक मिलिलिटर चुकीचे वाचले, तर त्याहून मोठी चूक होते.

या पद्धतीची मोठी मर्यादा निराळीच. आकारमान फक्त वायूचे मोल सांगते. तो कोणत्या कार्बोनेटातून सुटला, हे सांगत नाही. चंद्रपूर जिल्ह्यात डोलोमाइटही सापडतो. त्यात कॅल्शिअमबरोबर मॅग्नेशिअम कार्बोनेट असते, आणि एक मोल वायूसाठी 100.09 ऐवजी 92.2 ग्रॅम दगड पुरतो. शुद्ध डोलोमाइट कॅल्शिअम कार्बोनेट समजून हिशेब केला, तर सर्व दुरुस्त्या करूनही 108 टक्क्यांच्या पुढे उत्तर जाते. तसे झाले, तर गणित तपासण्याआधी दगडाकडे पाहावे. थंड सौम्य आम्लात चुनखडी लगेच जोरात फसफसते; डोलोमाइटचा खडा मात्र जेमतेम बुडबुडे सोडतो आणि पूड केल्यावर किंवा आम्ल कोमट केल्यावरच नीट विरघळतो. सिमेंटच्या कच्च्या मालातले एकूण कार्बोनेट उरलेल्या आम्लाचे अनुमापन करून मोजण्याची रीत आहे. तिला वाफेची वा दाबाची अडचण नसते, पण कॅल्शिअम आणि मॅग्नेशिअम वेगळे ओळखणे तिलाही जमत नाही. त्यासाठी ईडीटीएचे वेगळे अनुमापन किंवा क्ष-किरण प्रतिदीप्ती उपकरण लागते.