सदाशिवरावभाऊ पानिपतातून जिवंत निघाले होते का? पुरावा काय सांगतो

14 जानेवारी 1761. पानिपतावर विश्वासराव गोळी लागून पडले. सेनापती सदाशिवरावभाऊ हत्तीवरून उतरले, घोड्यावर बसले अन् गर्दीत घुसले. त्यानंतर त्यांना पडताना पाहिलं असं ठामपणे सांगणारा आपल्या बाजूचा माणूस पुण्यात परत आला नाही. सगळ्या दंतकथा इथूनच सुरू होतात.

भाऊ गादीवर नव्हते, पण नानासाहेब पेशव्यांचा कारभार त्यांच्याच हातात होता. त्यांच्या पत्नी पार्वतीबाई रणातून वाचून आल्या, पण नवरा गेला हे त्यांनी शेवटपर्यंत मानलं नाही.

मृत्यूचा मुख्य पुरावा काशीराज पंडिताचा. हा शुजाउद्दौल्याचा कारकून, लढाईवेळी शत्रूच्याच छावणीत होता. तो लिहितो की प्रेतांच्या ढिगात एक बिनशिराचं धड सापडलं. मांडीवर काळा डाग, पाठीत मुजफ्फरखानाच्या कट्यारीच्या जुन्या जखमेचा वण आणि रोजच्या सूर्यनमस्कारांनी हातागुडघ्यांवर पडलेले घट्टे. यावरून ओळख पटली. शीर एका शिपायानं लपवून ठेवलं होतं, तेही नंतर मिळालं. शुजानं हिंदू पद्धतीनं अग्नी देववला. आता यातली कमजोर बाजू अशी, की काशीराजानं हे सुमारे 20 वर्षांनी लिहिलं. पण पाठीतला वण ही काही कुणाच्याही अंगावर असणारी खूण नव्हे.

मग तोतया आला. 'मीच भाऊ' म्हणणाऱ्या एकाला थोरल्या माधवरावांनी पकडून चौकशी केली. तो सुखलाल नावाचा कनोजा ब्राह्मण निघाला. त्याला रत्नागिरीच्या किल्ल्यात ठेवलं. 1776 मध्ये तिथल्याच अंमलदारानं, रामचंद्र नाईक परांजप्यानं, त्याला सोडून पुढं केलं. तेव्हा पुण्यात पेशवा दोन वर्षांचं पोर, कारभार नाना फडणीसांकडं अन् घरात भांडणं. त्यामुळं कोकणात लोक धडाधड त्याला मिळाले, किल्लेही गेले. विश्वास सगळ्यांचाच होता असं नाही, काहींना नानांचा राग काढायचा होता, असं मला वाटतं.

महादजी शिंद्यांनी त्याच्या फौजेचा मोड केला. तो पळाला, पण आंग्र्यांच्या हाती लागला अन् पुण्यात आला. तिथं पुन्हा चौकशी झाली. नाना स्वतः पानिपतावर भाऊंबरोबर होते, म्हणजे खरा भाऊ ओळखणारे लोक हयात होते. डिसेंबर 1776 मध्ये त्याला देहदंड झाला. तोतया कोण, हे खेड्यातही सांगावं लागत नाही, ते याच बंडामुळं.

आणखी एक गोष्ट हरियाणात ऐकायला मिळते. रोहतकजवळच्या सांघी गावात जखमी भाऊ आले, नाथपंथी साधू झाले, असं तिथले लोक सांगतात. तिथं त्यांच्या नावानं डेराही आहे. ही कथा तोंडी चालत आली आहे. भाऊ खरंच वाचले असते, तर पुण्याला बायको वाट बघत असताना इतक्या वर्षांत एक चिठ्ठी तरी पाठवली नसती का?